तटाआधीच उभं राहिलेलं शहर

“औरंगजेबाने एकाच आराखड्यावर वसवलेलं शहर. भोवती तट, तटाला बावन्न दरवाजे. आता तट पडला, आत बघण्यासारखं काही उरलं नाही, नुसत्या वाकड्यातिकड्या गल्ल्या.”

छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या प्रत्येकाला हा मजकूर कुणीतरी पाठवतोच. यातलं तटापुरतं बरंचसं खरं आहे, बाकीचं तपासून घेऊ.

आधी एकाच आराखड्याचं. हे शहर खडकी या नावाने मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं आणि मोगलांवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा बांधला. शहराला औरंगाबाद हे नाव मिळालं १६५३ मध्ये. तट आला १६८२ मध्ये, म्हणजे भडकल दरवाजा उभा राहून सत्तर वर्षं झाल्यावर. भडकल दरवाजा शहराचा पहारा करायला बांधलाच नव्हता, तो विजयाची कमान आहे. तटाचं कारणही आराखडा नव्हे, धास्ती होती. १६८१ च्या सुरुवातीला मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटलं, आणि पुढच्याच वर्षी इथे तट उभा राहिला.

तट घालायची वेळ आली तेव्हा वस्ती आधीच चहूकडे पसरलेली होती. याचा सगळ्यात सोपा पुरावा पुऱ्यांच्या, म्हणजे उपनगरांच्या, नावांत आहे. नवरात्रात ज्या कर्णपुऱ्यात यात्रा भरते, त्याचं नाव बिकानेरच्या कर्णसिंहावरून पडलं. तो १६६९ मध्ये याच शहरात वारला, तेव्हा तटाला अजून तेरा वर्षं होती. जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांचा, आणि ते तर १६६७ मध्येच गेले. सरदाराची छावणी, तिच्याभोवती बलुतेदार, मग दुकानं अशी ही उपनगरं वाढली. पुढे तटाने काही वस्ती आत घेतली, कर्णपुऱ्यासारखी काही बाहेर ठेवली.

बावन्न हा आकडा ऐकायला झकास आहे, पण आज उभे असलेले दरवाजेदेखील एका माळेतले नाहीत. दिल्ली, जालना, पैठण आणि मक्का ही चार नावं शहरातून निघणाऱ्या मोठ्या वाटांच्या दिशांची आहेत, हे तटाचे मुख्य दरवाजे. रंगीन, नौबत आणि काला दरवाजा मात्र किल्ले अर्कचे. दिल्ली दरवाजा आणि मक्का दरवाजा यांच्या मधल्या जागेत औरंगजेबाने जो महाल उठवला, त्याच्या आवाराचे. पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा खाम नदीवरच्या पुलाशी, बेगमपुऱ्याच्या वाटेवर. कोणता दरवाजा कशाचा, हे जागेवर ओळखायचं तर कमानीकडे नव्हे, कुशीकडे बघा. तटाच्या दरवाजाला दोन्ही बाजूंना अर्धगोल बुरूज असतात, आणि बुरुजाच्या कडेला तोडलेल्या भिंतीचा खडबडीत, न घडवलेला दगड दिसतो. दिल्ली दरवाजा आणि पैठण दरवाजा आज रस्त्याच्या मधोमध बेटासारखे उभे आहेत, कारण वाहनांना वाट द्यायला त्यांच्या शेजारचा तट काढून टाकला.

आता गल्ल्या. पैठण दरवाजातून आत शिरा आणि गुलमंडी, मछलीखडकवरून सिटी चौकात या. हा रस्ता थोडा वळतो, पण तुटत नाही. वेशीतून बाजारात जाणारी वाट अशीच असते. तिला फुटणाऱ्या बोळी मात्र पुढे जाऊन बंद होतात, कारण त्या फक्त मागच्या घरांसाठी आहेत. सिटी चौकातून सराफ्याने पूर्वेला गेलं की शहागंज लागतं. तिथली मशीद साधारण १७२० ची, म्हणजे तटाहूनही नंतरची. ती बाजाराच्या मोठ्या चौकातच उंच जोत्यावर बांधली आणि जोत्याच्या बाहेरच्या अंगाला दुकानं काढली. गजबजलेल्या जागेत एक इंचही वाया जाऊ द्यायचा नाही, हा हिशेब त्या जोत्यात स्पष्ट दिसतो.

तट पाडल्यावरही त्याची रेषा सहसा जात नाही, कारण दोन्हीकडचे प्लॉट तिच्यापर्यंत येऊन थांबलेले असतात. सिटी सर्व्हेच्या नकाशावर एखाद्या लांब रेषेला दोन बाजूंची घरं पाठीला पाठ लावून असतील, एकही मालमत्ता तिला ओलांडत नसेल आणि मध्येच ती अर्धगोल फुगत असेल, तर तिथे बुरुजासह तट होता असं मानायला जागा आहे. फुगवटा नसला तर घाई करू नये. नाला किंवा जुन्या नहरीची वाटही अशीच रेषा सोडते.

रस्तारुंदीने कापलेले प्लॉट तर चक्क फसवतात. दर्शनी भाग गेल्यामुळे घर उथळ दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं की इथे पहिल्यापासून छोटी दुकानंच होती. अशा घराच्या बाजूच्या भिंतीकडे बघावं. बाहेरच्या अंगाला कोनाडा दिसला किंवा तुळईची खाच उघडी पडलेली असली, तर ती भिंत एकेकाळी खोलीच्या आतली होती.