प्रत्येक रेषेचे तीनच तुकडे होत नाहीत

दावा : “चुंबकीय क्षेत्रात कोणतीही वर्णपटरेषा तीन रेषांत फुटते. मधली जागेवर राहते, बाजूच्या दोन सारख्या सरकतात. किती सरकतात ते फक्त क्षेत्रावर ठरतं, म्हणून अंतर मोजलं की क्षेत्र कळतं.”

प्रत्येक रेषा तीन भागांत फुटत नाही. कॅडमियमची 643.8 नॅनोमीटरची लाल रेषा मात्र तशी फुटते. तिच्या वरच्या ऊर्जापातळीचे पाच भाग होतात, खालच्या पातळीचे तीन. त्यांच्यात नऊ संक्रमणं शक्य असतात, पण क्षेत्रात पातळी किती सरकते ते ठरवणारा लांडे गुणक g दोन्ही पातळ्यांसाठी एकच (1) असल्यामुळे ती एकमेकांवर पडतात आणि तीनच रेषा दिसतात. त्याही क्षेत्राला काटकोनात पाहिलं तरच. क्षेत्राच्या दिशेने पाहिलं, तर मधली रेषा दिसतच नाही.

मधली रेषा जागेवर राहते म्हणणाऱ्याने सोडियमची पिवळी जोडी पाहावी. 1896 मध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ झीमन यांना याच रेषा क्षेत्रात रुंदावलेल्या दिसल्या होत्या. त्यातली 589.6 नॅनोमीटरची रेषा घेऊ. वरच्या पातळीचा g 2/3, खालच्या पातळीचा 2, आणि पातळीचा प्रत्येक भाग ओळखणाऱ्या m या क्वांटम संख्येची किंमत दोन्हींत +1/2 किंवा −1/2. सरकणं g, m, क्षेत्र B आणि बोर मॅग्नेटॉन हा स्थिरांक μB यांच्या गुणाकाराएवढं असतं. म्हणजे वरची पातळी μB·B च्या ±1/3 पटीने सरकते, खालची ±1 पटीने. वरच्यातून खालची वजा केली की चार रेषा मिळतात : ±2/3 आणि ±4/3. मूळ जागी एकही नाही! शेजारच्या 589.0 च्या रेषेचे सहा भाग होतात, तिथेही मधली जागा रिकामी. लोरेन्ट्झ यांच्या जुन्या सिद्धान्तातून फक्त त्रिक निघतं, कारण त्यात इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत कोनीय संवेग, नव्हता.

राहिला अंतराचा मुद्दा, आणि खरा घोळ इथेच होतो. μB म्हणजे टेस्लामागे सुमारे 5.8×10⁻⁵ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पण रेषेचं सरकणं या संख्येला g ने गुणल्यावरच कळतं. सूर्यावरच्या डागांचं क्षेत्र मोजायला लोखंडाची 630.25 नॅनोमीटरची रेषा वापरतात. तिचे तीनच भाग होतात, त्यामुळे दाव्यातलं सूत्र इथे लावायचा मोह होतो. मात्र या रेषेचा g 2.5 आहे. 0.3 टेस्लाच्या क्षेत्रात तिची बाजूची रेषा मधल्या रेषेपासून साधारण 0.014 नॅनोमीटर सरकते. g ची किंमत 1 धरून उलटं गणित केलं तर क्षेत्र 0.75 टेस्ला येतं, म्हणजे अडीच पट जास्त. शिवाय ऊर्जेतला फरक तेवढाच असला तरी तरंगलांबीतला फरक λ² च्या प्रमाणात वाढतो, म्हणून दोन रंगांच्या रेषांची नॅनोमीटरमधली अंतरं थेट ताडून पाहता येत नाहीत.

हे सगळं क्षेत्र फार तीव्र नसेपर्यंतच. क्षेत्रामुळे पडणारं अंतर रेषेच्या सूक्ष्मरचनेच्या, म्हणजे क्षेत्राशिवायही जोडीतल्या रेषांत असलेल्या, अंतराएवढं झालं की g चं हे गणित कोलमडतं. सोडियमच्या जोडीसाठी ती वेळ काही दशक टेस्लांवर येते, लिथियमच्या लाल रेषेसाठी एक टेस्लाच्या आतच.