चुकलेली गोळी दोन गोळ्यांनी भरून निघत नाही

फिरत असलेला मेसेज असा आहे: “हार्टचे ठोके अनियमित असणाऱ्यांना रक्त पातळ करायच्या ज्या नव्या गोळ्या देतात त्यांचं टेन्शन घेऊ नका. एखादी चुकली तरी असर तीन-चार दिवस राहतो. पुढच्या वेळी दोन एकदम घ्या, झालं. या गोळ्यांना कसलीच तपासणी लागत नाही. आणि कुठूनही रक्त आलं तर गोळी बंद करा, आठवड्यानं परत सुरू करा. सगळ्यांना पाठवा.”

कृपया पाठवू नका. यातली दोन वाक्यं एखाद्याला पक्षाघातापर्यंत नेऊ शकतात, म्हणून एकेक मुद्दा नीट बघू.

तीन-चार दिवस टिकणारा परिणाम हा जुन्या वॉर्फरिनचा गुण. वॉर्फरिन यकृताला रक्त गोठवणारी काही प्रथिनं नीट बनवू देत नाही. गोळी थांबवली तरी ती प्रथिनं पुन्हा तयार व्हायला काही दिवस लागतात, म्हणून एखादा डोस हुकला तरी थोडा आधार उरतो. अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, एडॉक्साबॅन आणि डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांचं काम वेगळं आहे. त्या रक्तातल्या एकाच घटकाला थेट अडवतात, आणि औषध रक्तात असतं तोवरच अडवतात. साधारण बारा तासांत त्यातलं निम्मं औषध शरीराबाहेर जातं. म्हणजे दिवसभर गोळी पोटात गेली नाही, तर संरक्षण जवळजवळ संपलेलं असतं.

अनियमित ठोक्यांच्या या आजारात, म्हणजे एट्रिअल फिब्रिलेशनमध्ये, हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साचून राहतं आणि त्याची गाठ बनू शकते. ती सुटली तर बरेचदा मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते. गोळी त्यासाठीच आहे. गाठ बनताना काहीही जाणवत नाही, त्यामुळे “दोन दिवस घेतली नाही, तरी काही झालं नाही” हा अनुभव काहीच सिद्ध करत नाही.

आता चुकलेल्या डोसचा नियम. तो सोपा आहे: दोन गोळ्यांमधलं अंतर अर्ध्याहून जास्त उलटलं नसेल तर आठवल्याबरोबर घ्या, उलटलं असेल तर ती सोडून द्या.

समजा एखाद्या आजींना अपिक्साबॅन सकाळी आठ आणि रात्री आठला आहे. सकाळची राहिली आणि साडेअकराला लक्षात आलं. साडेतीन तासच झालेत, लगेच घ्यावी, आणि रात्री आठची नेहमीच्या वेळी घ्यावी. पण संध्याकाळी पाचला आठवलं, तर सहा तासांची मर्यादा गेली. ती गोळी सोडायची आणि रात्री आठला एकच घ्यायची. डॅबिगॅट्रानही दिवसातून दोनदा असतं, त्यालाही हेच. रिव्हरॉक्साबॅन किंवा एडॉक्साबॅन दिवसातून एकदा असतं, तिथे मर्यादा बारा तासांची. रात्री आठची गोळी सकाळी सहाला आठवली तर घ्यायची, दहाला आठवली तर त्या रात्रीची एकच. रिव्हरॉक्साबॅन मात्र जेवणाबरोबरच घ्यावी, रिकाम्या पोटी ती पूर्ण शोषली जात नाही. काही गोळ्यांच्या माहितीपत्रकात शब्द थोडे वेगळे सापडतील. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा.

दोन एकदम घेण्याचा सल्ला बहुधा एका खऱ्या गोष्टीच्या अर्धवट ऐकीव माहितीतून आला असावा. पायातल्या शिरेत गाठ झाली की रिव्हरॉक्साबॅन पहिले तीन आठवडे १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, आणि त्या काळात एक राहिली तर त्याच दिवशी दोन एकत्र घ्यायची मुभा असते. तो वेगळा आजार आहे. अनियमित ठोक्यांसाठी ही मुभा नाही. इथे दुप्पट डोसमुळे हुकलेल्या तासांचं संरक्षण परत मिळत नाही, पुढचे काही तास रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो.

चुकून दोन घेतल्या गेल्याच, तर दिवसातून दोनदा घेणाऱ्यांनी पुढची एक सोडावी आणि त्यानंतरची वेळेवर घ्यावी. दिवसातून एकदा घेणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी घ्यावी. दोन्ही वेळा डॉक्टरांना फोन करावा. आणि “घेतली की नाही तेच आठवत नाही” असं झालं, तर दोनदा घेणाऱ्यांनी अंदाजाने पुन्हा घेऊ नये, पुढच्या वेळेची थांबून घ्यावी. दिवसातून एकदा घेणाऱ्यांनी अशा वेळी डॉक्टरांना विचारावं. वारांचे खण असलेली डबी हा प्रश्न बऱ्याच प्रमाणात सोडवते. डॅबिगॅट्रानला मात्र ती चालत नाही. त्या कॅप्सूल ओल धरतात, म्हणून त्या मूळ पाकिटातच ठेवाव्या लागतात.

तपासणीबद्दल थोडक्यात: वॉर्फरिनसारखी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी आयएनआर तपासणी वारंवार लागत नाही, एवढंच खरं. या गोळ्या कमी-जास्त प्रमाणात मूत्रपिंडातून बाहेर पडतात, म्हणून क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन वर्षातून निदान एकदा बघतात, पंचाहत्तरीपुढे साधारण सहा महिन्यांनी. जुलाब-उलट्यांनी अंग कोरडं पडलं, तर मध्येही बघावं लागतं.

राहिला रक्ताचा मुद्दा. ब्रश करताना हिरडीतून थोडं रक्त येणं, कुठेतरी आदळून निळा डाग पडणं, यासाठी गोळी बंद करायची नसते. डॉक्टरांना पुढच्या भेटीत सांगायचं. नाकातून आलं तर बसून, थोडं पुढे वाकून, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरायचा, मधेच सोडून बघायचं नाही. तेवढ्यानेही थांबलं नाही, तर दवाखाना गाठायचा.

काही खुणा मात्र थेट इमर्जन्सीच्या आहेत. शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होणं. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो, पण डांबरासारखा चिकटपणा आणि तो वास सहसा नसतो. शंका असेल तर दाखवलेलंच बरं. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लघवीत लाल रंग, खोकल्यातून रक्त, दाबूनही न थांबणारी जखम, चक्कर येऊन फिकट पडणं, हेही तसंच. अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यांत तर एक मिनिटही दवडू नका.

डोक्याला मार लागला असेल आणि वरून काहीच दिसत नसेल, तरी लगेच दाखवा. आत हळूहळू साचणारं रक्त काही तासांनी, वयस्कर माणसांत कधी काही दिवसांनीसुद्धा त्रास देतं. तेव्हा घरच्यांना एवढंच दिसतं, की माणूस जास्त झोपाळलाय किंवा गोंधळल्यासारखा वागतोय.

अशा वेळी पुढची गोळी घेऊ नका, पण आठवडाभर घरी थांबूही नका. गोळी पुन्हा कधी सुरू करायची हे तपासून डॉक्टर ठरवतील. रुग्णालयात पोचताच गोळीचं नाव, किती मिलिग्रॅमची आहे आणि शेवटची किती वाजता घेतली, या तीन गोष्टी सांगा, शक्यतो पाकीटच पुढे ठेवा. डॅबिगॅट्रानचा उतारा वेगळा आहे, बाकीच्यांचे उपाय वेगळे. आणि मेंदूत गाठ अडकलेली असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन देता येईल की नाही, हेही शेवटच्या गोळीच्या वेळेवर बरंचसं अवलंबून असतं.