मोठ्या गावाला जास्त संधी, पण घराला?

“राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मोठं गाव निवडलं जाण्याची शक्यता मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणून आकडे मोठ्या गावांकडे झुकतात. सगळ्या गावांच्या सारख्या चिठ्ठ्या टाका. नंतर आकड्यांना ‘भार’ लावणं ही तर हातचलाखीच!”

पहिला आक्षेप अर्ध्या वाटेत थांबतो. आधी गाव निवडतात, मग त्यातली घरं. गावाची संधी कुटुंबसंख्येच्या प्रमाणात असते, पण घरं प्रत्येक गावातून ठरावीकच घेतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत २२. हिशेबाला सोपं म्हणून २० धरू. समजा, एका तालुक्यात १०० गावं आणि २०,००० कुटुंबं आहेत, आणि १० गावं निवडायची आहेत. हजार कुटुंबांच्या गावाची संधी १० × १००० ÷ २०,०००, म्हणजे १/२. शंभर कुटुंबांच्या गावाची १/२०. गाव निवडल्यावर मोठ्या गावातल्या घराची संधी १/५०, लहान गावातल्या घराची १/५. गुणाकार करून पाहा: दोन्हीकडे १/१००.

आता सारख्या चिठ्ठ्या टाकू. प्रत्येक गावाची संधी १/१०. मग मोठ्या गावातल्या घराची एकूण संधी १/५०० होते आणि लहान गावातल्या घराची १/५०. दहापट फरक! झुकाव खरा इथे येतो.

भाराबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहे. भार म्हणजे निवडीच्या संधीचा व्यस्त: १/१०० संधीचं घर स्वतःसह शंभर घरांच्या वतीने बोलतं. ती संधी उत्तरं येण्यापूर्वीच ठरलेली असते, त्यामुळे निकाल पाहून भार बदलायला वाव नसतो. त्याची गरज का पडते? पाचव्या फेरीत गावांचे आकार २०११ च्या जनगणनेतले होते. आपल्या हजार कुटुंबांच्या गावात नवी घरयादी करताना १५०० निघाली, तर घराची संधी १/२ × २०/१५००, म्हणजे १/१५० होते आणि भार १५०. तो न लावल्यास झपाट्याने वाढलेली गावं निकालात कमी पडतात. शिवाय या सर्वेक्षणाला जिल्हावार आकडे द्यायचे असतात, म्हणून सिंधुदुर्गातल्या घराला पुणे जिल्ह्यातल्या घरापेक्षा बरीच जास्त संधी मिळते. भाराविना राज्याची सरासरी काढली, तर ती चुकेल. मूळ विदा वापरणाऱ्यांनी कुटुंबाच्या फाइलमधला `hv005` हा स्तंभ दहा लाखांनी भागून लावावा.

आक्षेपात तथ्य आहे ते एका ठिकाणी. प्रश्न घरांऐवजी गावांबद्दल असेल, उदाहरणार्थ किती गावांत दवाखाना आहे, तर मोठ्या गावाचा भार २ आणि लहान गावाचा २०. उत्तर सरासरीने बरोबरच येतं, पण नमुन्यात एखादं लहान गाव आलं की नाही, यावर अंदाज फार हलतो. अशा मोजणीसाठी मात्र सारख्या चिठ्ठ्याच बऱ्या.