मधल्या दाराने कंट्री संगीतात

"काका, मला कंट्री म्युझिक ऐकायचंय, पण शंभर वर्षांचं साचलंय सगळं. सुरुवातीला दोन-तीन अल्बम कुठले ऐकू?"
— पुण्याहून पुतण्याचा संदेश

अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सन यांचा १९७५ सालचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' घे आणि पहिले दोन आठवडे तेवढाच ऐक. त्यात पंधरा तुकडे आहेत आणि सगळे मिळून पस्तीस मिनिटेही होत नाहीत. क्रम मात्र बदलू नकोस.

एवढे उत्तर मी घरच्या ग्रुपवर लिहिले आणि सांगलीहून थोरल्या बंधूंचा आक्षेप तासाभरात आला. कुठल्याही संगीतात शिरायचे तर पायापासून शिरावे, असे त्यांचे ठाम मत आहे आणि त्यांनी वाचनही केले होते. १९२७ साली टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात तबकडी कंपनीच्या राल्फ पीअर यांनी जे ध्वनिमुद्रण केले, त्यातून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे कंट्रीचे सुरुवातीचे गाणारे पुढे आले, तेव्हा मुलाने तिथूनच सुरुवात करावी, असे त्यांनी लिहिले. आत्याने 'कंट्री' म्हणजे देशभक्तीची गाणी असे समजून १९६५ च्या युद्धाच्या वेळी शाळेत बसवलेल्या समूहगीताची आठवण सांगितली. त्या आठवणीवर ग्रुपमध्ये बराच वेळ मायेने बोलणे झाले आणि मूळ प्रश्न बाजूला राहिला. म्हणून येथे तो जरा सविस्तर मांडतो.

दादांचा इतिहास बरोबर आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. पुतण्याने अल्बम विचारले आहेत आणि १९२७ साली अल्बम नव्हतेच. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे एक गाणे मावे, आणि लोक ते गाणे एकेकटेच विकत घेत. लाँग प्ले तबकडी १९४८ साली आली, तरी कंट्रीच्या बाजारात त्यानंतरही बराच काळ सुटे गाणे हेच खरे नाणे राहिले. लाँग प्ले काढायची म्हणजे गाजलेली एक-दोन गाणी घ्यायची आणि उरलेली जागा हाताशी असेल त्याने भरायची, अशी रीत होती. त्यामुळे सालवारीने अल्बम ऐकत निघालेल्या नवख्याच्या वाट्याला भरतीचीच गाणी जास्त येतात आणि दोन महिन्यांत त्याला सगळे एकसारखे वाटू लागते.

आपल्याकडे नाट्यसंगीताबाबत हाच वाद मी लहानपणापासून ऐकला आहे. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांपासून सुरुवात करावी की नंतरच्या गायकांपासून, यावर सांगलीच्या आमच्या घरात चहा गार होईपर्यंत बोलणे चाले. मला पहिल्या पद्धतीने बसवले गेले. तबकडीच्या खरखरीतून येणारा आवाज माझ्या कानाला तेव्हा लांबचा वाटला आणि मी ते पुष्कळ वर्षे सोडून दिले. पुढे कुमार गंधर्वांनी आपल्याला उमजलेले बालगंधर्व गाऊन दाखवले ते मी ऐकले आणि तिथून मागे वळून मूळ तबकड्यांकडे गेलो, तेव्हा ती खरखर आड येईनाशी झाली. टेनेसीतल्या नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री संगीताच्या माहेरी, राहायला आल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. येथे वाढलेली माणसे अल्बममधून आत शिरलेलीच नाहीत. वडिलांच्या पिकअप ट्रकमधल्या रेडिओवर, चर्चमध्ये, लग्नात असे गाणे त्यांच्या कानावर पडत गेले आणि त्याचा क्रम त्यांनी कधी ठरवला नाही. बाहेरून येणाऱ्याला ती सोय नसते, म्हणून त्याला दार निवडावे लागते. माझ्या मते ते दार मधले असावे, जिथून मागेही जाता येईल आणि पुढेही.

'रेड हेडेड स्ट्रेंजर' तसे दार आहे. नेल्सन तोपर्यंत बेचाळिशीत आले होते. 'क्रेझी' हे गायिका पॅट्सी क्लाइन यांनी १९६१ मध्ये गाजवलेले गाणे त्यांनीच लिहिले होते, पण गायक म्हणून त्यांना मोठे यश मिळाले नव्हते. कोलंबिया कंपनीशी झालेल्या नव्या करारात ध्वनिमुद्रणाचा पूर्ण अधिकार त्यांच्याकडे आला आणि त्यांनी टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या गारलंड येथील स्टुडिओत आपल्या नेहमीच्या साथीदारांना घेऊन हा अल्बम केला. गिटार, बहीण बॉबी यांचा पियानो, मिकी राफेल यांचा माउथ ऑर्गन आणि थोडा ताल एवढेच त्यात आहे. कंपनीतल्या लोकांना तो कच्चा नमुना वाटला होता.

कथा एका धर्मोपदेशकाची आहे. बायको जुन्या प्रियकराकडे गेली म्हणून तो दोघांना मारतो आणि घोड्यावरून भटकत राहतो. आता क्रम का बदलू नये ते पाहा. 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' हे गाणे सुटे ऐकले तर ते पावसात निरोप घेणाऱ्या प्रियकराचे साधे विरहगीत आहे. अल्बममध्ये ते दोन्ही खून झाल्यावर लगेच येते. तोच शांत आवाज आणि त्याच अडीच मिनिटांच्या ओळी, पण आता त्या मारणाऱ्याच्या तोंडी आहेत, आणि पुन्हा कधीतरी भेटू या आशेला वेगळाच अर्थ आला आहे. गाणी वरखाली करून ऐकणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

आता मागे कसे जायचे तेही याच गाण्यावरून सांगतो. गायकाचे नाव सोडून गीतकाराचे नाव धरायचे. हे गाणे नेल्सन यांचे नाही, फ्रेड रोझ यांचे आहे, आणि गायक रॉय एकफ यांनी ते चाळीसच्या दशकातच गायिले होते. रोझ आणि एकफ यांनी १९४२ मध्ये नॅशव्हिलमध्ये गाण्यांची प्रकाशन संस्था काढली आणि गायक-गीतकार हँक विल्यम्स यांची गाणी तिथेच आली. स्वतः हँक यांनी १९५१ च्या एका रेडिओ कार्यक्रमात हेच गाणे म्हटले आहे. अशा रीतीने एका गाण्यावरून तू तीस वर्षे मागे आलास, आणि वाटेत कोणी अनोळखी भेटले नाही.

येथे मात्र सांभाळावे लागते. हँक १ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी वारले. त्यांचे काम सुट्या गाण्यांचे असल्यामुळे त्यांच्यापुरता मी संग्रहच सुचवतो. १९७८ साली निघालेला 'फॉर्टी ग्रेटेस्ट हिट्स' पुरेसा आहे. त्यांच्या मृत्यूनंतर कंपनीने मूळ ध्वनिमुद्रणांवर व्हायोलिनचा ताफा चढवून ती पुन्हा विकली. एकटे फिडल, म्हणजे लोकसंगीताच्या ढंगाने वाजवलेले व्हायोलिन, आणि रडवेली स्टील गिटार ऐकू येत असेल तर ते मूळ आहे, आणि मागून दहा-वीस व्हायोलिने एकदम उठत असतील तर ते बंद करावे. दुसरा धोका पुन्हा केलेल्या ध्वनिमुद्रणाचा आहे. पुष्कळ गायकांनी उतारवयात दुसऱ्या कंपन्यांसाठी आपलीच जुनी गाणी परत गाऊन दिली. अमेरिकेत आल्यावर मी महामार्गावरच्या एका दुकानातून तीन सीडींचा संच घेतला होता. सगळी नावे ओळखीची होती, पण आवाज थकलेले होते आणि १९५० च्या गाण्यात मागे इलेक्ट्रिक कीबोर्ड वाजत होता. गाणी परत गाऊन घेतल्याची सूचना पाकिटाच्या तळाशी, नखाएवढ्या अक्षरांत छापलेली होती. मला वर्षभर वाटत होते की या लोकांचे उगाच कौतुक होते. आजही ऑनलाइन शोधताना गाण्याचे नाव तेच दिसते, म्हणून ध्वनिमुद्रणाचे साल आणि मूळ कंपनी पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

माझ्या निवडीला दोन आक्षेप आले आणि दोन्ही मला खोडता आलेले नाहीत. शेजारचे गृहस्थ आयुष्यभर पेडल स्टील, म्हणजे पायाने दाबायच्या पेडलांची स्टील गिटार, वाजवत आले आहेत. त्यांचे म्हणणे असे की ज्या अल्बममध्ये स्टीलच नाही तो कंट्रीचे दार कसा होईल. या वाद्याचा उगम हवाई बेटांवरच्या मांडीवर आडव्या धरायच्या गिटारीत आहे, आणि तीच गिटार मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले यांच्या हातून घरोघरी पोचली, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांना फार आनंद झाला. त्यांचा तोडगा गायक रे प्राइस यांचा १९६३ चा 'नाइट लाइफ' हा आहे. त्यात बडी एमन्स यांची स्टील आहे आणि शीर्षकगीत पुन्हा विली नेल्सन यांचेच आहे. मी तो पुतण्याला दुसरा अल्बम म्हणून सांगितला आहे. तो पहिला असावा, असा शेजाऱ्यांचा आग्रह अजून कायम आहे.

दुसरा आक्षेप पत्नीचा. तिने पहिली बाजू संपण्याआधीच उठून तबकडी थांबवली. बायकोला मारणाऱ्या माणसाच्या दुःखात मी का सामील व्हावे, असे तिने विचारले. पुढे तो घोड्याला हात लावणाऱ्या दुसऱ्या एका स्त्रीलाही मारतो आणि कथा त्याला शासन करत नाही, हेही तिने दाखवून दिले. ही कथा खुनाच्या जुन्या पोवाडेवजा गीतांच्या परंपरेतून आली आहे, एवढेच मी म्हणू शकलो, आणि ते उत्तर नव्हे हे मला कळते. तिचे दार गायिका डॉली पार्टन यांच्या १९७१ च्या 'कोट ऑफ मेनी कलर्स'मधून उघडले. पूर्व टेनेसीतल्या डोंगराळ भागात बारा भावंडांत वाढलेल्या डॉली यांना आईने चिंध्या जोडून कोट शिवून दिला होता आणि शाळेतली मुले त्याला हसली होती. त्याच प्रसंगाचे हे शीर्षकगीत त्यांनी बसच्या प्रवासात, कागद सापडेना म्हणून कपडे धुलाईच्या पावतीच्या मागे लिहिले. पत्नी म्हणाली, ही तर आमच्या आजीची गोधडी, फक्त अंगात घालायची. तिथून ती दुसऱ्या कंट्री गायिका लोरेटा लिन यांच्याकडे गेली आणि आता या विषयात माझ्यापेक्षा पुढे आहे.

दादांनी काल विचारले, मग कार्टर कुटुंब कधी ऐकायचे? डॉली यांच्यानंतर, असे मी कळवले आहे. त्या कुटुंबातल्या मेबेल कार्टर गिटारीच्या खालच्या तारांवर अंगठ्याने चाल वाजवत आणि बाकीच्या बोटांनी वरच्या तारा छेडत ताल धरत. एकाच हातात या दोन गोष्टी चालू आहेत, हे कानाला ओळखता येऊ लागले की १९२७ च्या तबकडीची खरखर पुतण्याला अडवणार नाही. त्याला किती आठवडे लागतील, यावर दादांचे आणि माझे अजून जमलेले नाही.