काचेचं कॅबिनेट आणि मफलरवाले काका

माझ्या नव्या कॉम्प्युटरचं थोबाड सध्या दाराआड भिंतीला टेकून उभं आहे. श्रेय इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या दुकानात भेटलेल्या एका मफलरवाल्या काकांचं.

मी घरून ठरवून गेलो होतो. मदरबोर्ड मायक्रो एटीएक्स, म्हणजे २४४ मिमीचा चौकोन. मिनी आयटीएक्सची कॅबिनेटं दिसतात गोजिरी, पण त्यांत १७० मिमीचा बोर्ड बसतो आणि कार्डाला स्लॉट एकच. तेव्हा मायक्रो एटीएक्सचं कॅबिनेट, पुढे जाळी, आणि बाबांच्या दोन जुन्या साडेतीन इंची हार्ड डिस्कपुरती जागा. बस्स.

काका आले होते माऊस बदलायला. "मराठी का? रामबागेतले?" एवढ्यावर माझं पालकत्व त्यांनी घेतलं.

"जाळीचं घेतोस? अरे, जाळी दुधाच्या कपाटाला असते, मांजर शिरू नये म्हणून. तुझ्याकडे मांजर आहे?"

"काका, आत हवा जायला हवी."

"मग खिडकी उघड. आणि त्या डिस्कांत काय आहे?"

"बाबांनी स्वतः रेकॉर्ड केलेल्या मैफली."

"आता सगळं मोबाइलवर मिळतं."

"बाबांनी रेकॉर्ड केलेलं कसं मिळेल?"

"शोधलंस का?"

तेवढ्यात दुकानदाराने "भिया, ये देखो" म्हणत समोरून काच असलेल्या कॅबिनेटचे दिवे लावले. काका हरखले. "बघ! गणपतीत वेगळी आरास नको!" दुकानातली चार डोकी माझ्याकडे वळली. जाळीवालं गोडाऊनमध्ये होतं, काढून आणायला अर्धा तास लागणार होता. मी काच घेतली. काका माऊस न बदलताच गेले.

घरी अर्धा तास गेम चालवला. ग्राफिक्स कार्ड ८४ अंशांवर, पंखे पिठाच्या गिरणीसारखे. काचेमागे पंखे तीन, पण हवा घ्यायला कडेला बोटभर फट. पुढची काच उपसून काढली आणि तोच गेम तेवढाच वेळ चालवला, तर ७५. म्हणजे पंखे बिचारे निर्दोष होते.

दुसरी गंमत डब्यावर छापलेली होती: कार्डाची लांबी ३३० मिमीपर्यंत. माझं ३०५. पण तो आकडा डिस्कचा पिंजरा काढल्यावरचा, हे खाली मुंगीएवढ्या अक्षरांत. पिंजरा ठेवला तर कार्ड त्यावर आपटतं. पिंजरा गेला, मैफली कपाटात गेल्या. मोजपट्टी घेऊन गेलो असतो तर काकांनी तिचीही चेष्टा केली असती, पण मोजून तरी झालं असतं.

परत करायला गेलो. "काच वापस कौन लेता है भिया?"

धुळीचं फिल्टर त्या काचेच्याच चौकटीला होतं, त्यामुळे आता धूळ थेट आत. इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं येतं, ते परीक्षक माझ्या कॅबिनेटात डोकावत नाहीत म्हणून. काल आईने त्या उघड्या तोंडावर दुधाच्या पातेल्यावरची जाळी धरून पाहिली. मापात बसत नाही.