‘स्टड काढायचे किती?’ एवढ्यावर भाव सांगता येत नाही

> “मोटरसायकलचा इंजिन स्टड जाम होऊन तुटला तर वर्कशॉपला लांबलचक मेल करून कोटेशन मागू नका. काम दहा मिनिटांचं असतं, पण मेल वाचला की रेट वाढतो. ‘स्टड काढायचे किती?’ एवढंच विचारा. आधी काय-काय करून पाहिलं ते तर अजिबात सांगू नका. आणि त्याआधी घरीच इझी-आउट लावून बघा, बहुतेक वेळा निघतोच.”

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी हेडची कामं करतो. हा मजकूर गिऱ्हाइकंच मोबाईल पुढे धरून दाखवतात, तेही बहुधा सगळं करून झाल्यावर. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण खरं नुकसान तिथेच होतं. इझी-आउट म्हणजे तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून उलटा फिरवत घुसवायचा निमुळता स्क्रू.

एअर-कूल्ड सिंगल सिलिंडर गाडी घ्या. सायलेन्सरचा बेंड पाईप हेडला दोन स्टडवर बसतो. हेड अॅल्युमिनियमचं, स्टड स्टीलचा, वरून इंजिनची उष्णता आणि पावसाचं पाणी. अॅल्युमिनियम गंजलं की पांढरी भुकटी होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून आट्यांत गच्च दाबून बसते. बाहेरच्या बाजूला नट स्टडला गंजून चिकटतो तो वेगळाच. आता पाना लावून नट सोडायला गेलात की तीनपैकी एक काहीतरी होतं. नट सुटतो. किंवा नटाबरोबर अख्खा स्टडच फिरून बाहेर येतो. यात लोक घाबरतात, पण ही उलट चांगली गोष्ट, नवा स्टड लावला की काम झालं. किंवा स्टड तुटतो.

तुटला याचा अर्थ नीट समजून घ्या. वर नट सोडत नव्हता आणि खाली हेड सोडत नव्हतं, म्हणून मधला स्टड पिळून गेला. म्हणजे आट्यांतली पकड स्टडच्या स्वतःच्या ताकदीपेक्षा जास्त होती. 8 मिमीचा स्टड जिथे हरला, तिथे त्याच्याच पोटात भोक पाडून 4 मिमीचा इझी-आउट काय करणार? पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. व्यास निम्मा झाला की ताकद एक अष्टमांश उरते. इझी-आउटचं पोलाद कडक असतं, त्याने थोडी भरपाई होते, पण कडक तितकंच ठिसूळ. त्यात तो निमुळता. जसा फिरवाल तसा पाचरीसारखा आत घुसतो आणि स्टडचं पातळ झालेलं अंग बाहेर ढकलून आटे आणखी आवळतो.

इझी-आउट निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. नवा बोल्ट जास्त आवळल्याने मुंडी उडाली असेल आणि आत गंज नसेल, तर तो छान निघतो. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेच पाहिलं असावं. गंजून जाम झालेल्या सायलेन्सर स्टडला तो अनुभव लागू होत नाही.

आणि इझी-आउट आत तुटला की कामाची जातच बदलते. साध्या एचएसएस ड्रिलला तो दाद देत नाही, ड्रिल घसरून शेजारच्या मऊ अॅल्युमिनियममध्ये शिरतं. मग कार्बाइडने हळूहळू कोरून काढायचा, नाहीतर हेड उतरवून, व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा सोडवून स्पार्क मशीनवर, म्हणजे ईडीएमवर पाठवायचं. स्टडचं काम तिथे टूलरूमचं होऊन बसतं.

म्हणूनच काय-काय करून झालं ते लपवण्यात काही हशील नाही. लपतही नाही म्हणा. सेंटर पंचाची खूण, ग्रिप प्लायरचे दात, बाजूला गेलेलं भोक, क्वचित वरून लावलेलं एम-सील, हे सगळं हेड टेबलावर आल्याबरोबर दिसतं. पण तोवर मी सांगितलेला भाव दुसऱ्याच कामाचा असतो, आणि मग ‘आधी वेगळं सांगितलं होतं’ म्हणून वाद. यातल्या दोन गोष्टी तर भावासाठी निर्णायक आहेत. पहिली, भोक पाडलंय का, आणि पाडलं असेल तर मधोमध आहे का. एम-8 च्या जाड आट्यांसाठी टॅपआधीचं ड्रिल 6.8 मिमीचं. भोक अगदी मध्यावर असेल तर स्टडची पातळ साल तेवढी आट्यांत उरते आणि ती टोकदार हत्याराने सोलून काढता येते, मूळ आटे वाचतात. अर्धा मिलिमीटर जरी सरकलं तरी एका बाजूचे आटे ड्रिलखाली गेलेच. मग हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे नवे आटे, बसवावी लागते. दुसरी गोष्ट, ब्लो लॅम्पने हेड तापवलंय का. अॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. रंग न बदलताच ते नरम पडतं, व्हॉल्व्ह सीट सैल व्हायची भीती असते. हे माहीत असलं की आम्ही सीट आधी तपासतो.

दहा मिनिटांचं म्हणाल, तर कधीकधी खरंच तेवढंच लागतं. स्टड तीन-चार मिमी बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंगने भरायचा. वेल्डिंगचा मेटल अॅल्युमिनियमला धरत नाही, स्टडला मात्र पक्का धरतो. शिवाय स्टड आतून लाल होतो, फुगायला जागा नसते म्हणून दबतो, आणि थंड होताना आखडून आट्यांतली भुकटी फोडतो. हाताला सोसेल इतकं गार झालं की पाना लावून थोडं मागे, थोडं पुढे. एका दमात ओढायचं नाही. पहिला नट तुटला तर दुसरा, तिसरा. हा माझा सर्वात आवडता मार्ग. इथे हीट गनने हेड साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवलं तर मदत होते, पण किती ते पाहा: अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, तरी 8 मिमीच्या भोकात मोकळीक मिळते ती जेमतेम एक शतांश मिलिमीटर. तेवढ्याने भुकटीची पकड ढिली होते, स्टड आपोआप सैल होत नाही.

पण गाडी वर्कशॉपच्या दारात आल्यापासून नट ठेवेपर्यंतचा वेळ कोण धरणार? पोर्ट पुढे तोंड करून असतो, समोर फ्रेमचा पाईप आणि पुढचं चाक. ड्रिल सरळ धरायची वेळ आली तर चाक काढावं लागतं, तरी जमेलच असं नाही. हेड उतरवायचं तर टायमिंग चेन सोडवणं, नवं गॅस्केट, जोडल्यावर टॅपेट क्लिअरन्स, हे सगळं आलं. स्टड तोच, तुटलाही तसाच, पण एकाचा खर्च दुसऱ्याच्या कितीतरी पट होऊ शकतो, आणि फरक स्टडमध्ये नसून त्याच्यापर्यंत पोचण्यात असतो.

आता मेल वाचून रेट वाढतो का? घडतं नेमकं उलट. ‘स्टड काढायचे किती?’ एवढंच विचारलं की माझ्यापुढे दोनच वाटा. ‘गाडी दाखवा’ म्हणायचं, म्हणजे तुमचा हेलपाटा. नाहीतर आत इझी-आउट तुटलेला आहे असं धरून वरचा आकडा सांगायचा. जे कळत नाही ते कुठलाही कारागीर आपल्या अंगावर घेत नाही, भावात घालतो. आणि मेल लांबलचक असायची गरजच नाही. नेमका असला की एवढा पुरतो:

> विषय: हेडमधला तुटलेला सायलेन्सर स्टड काढणे, कोटेशन हवे
>
> नमस्कार,
>
> 150 सीसी, एअर-कूल्ड, सिंगल सिलिंडर गाडी, 2011 ची. सायलेन्सर पोर्टचा उजवा स्टड नट सोडताना तुटला. शेजारचा शाबूत स्टड एम-8, पिच 1.25. तुटलेला भाग हेडच्या पृष्ठापासून सुमारे 4 मिमी बाहेर आहे.
>
> गंज सोडवायचे तेल दोन दिवस लावले, ग्रिप प्लायर लावला, तो घसरला. ड्रिल, इझी-आउट किंवा ब्लो लॅम्प वापरलेला नाही.
>
> हेड गाडीवरच आहे. गाडी टेम्पोने आणून देऊ शकतो.
>
> कृपया खर्च वेगवेगळा कळवावा: (1) नट वेल्ड करून गाडीवरच निघाला तर, (2) ड्रिल करून हेलिकॉइल बसवावी लागली तर, (3) हेड उतरवावे लागले तर गॅस्केट व जोडणीसह. एका टप्प्यावरून पुढच्यावर जाण्याआधी फोन करावा.
>
> समोरून आणि बाजूने, मोजपट्टी धरून काढलेले दोन फोटो जोडले आहेत.

मेल बघत नाहीत अशी वर्कशॉप भरपूर आहेत, आमच्या गल्लीतच आहेत. त्यांना हाच मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवा.

यातली ‘4 मिमी बाहेर’ ही नोंद सगळ्यात मोलाची. स्टड बाहेर आहे म्हणजे वेल्डिंग चालेल, हे मला गाडी न बघता कळतं. पृष्ठाबरोबर किंवा आत तुटलेला असता तर मी पहिला पर्याय असा निःशंक धरला नसता. तिथे वॉशर ठेवून थेंब-थेंब भरत वर आणावं लागतं, आणि ते आर्गन वेल्डिंगवाल्याच्या हातावर अवलंबून. शाबूत स्टडचं माप असल्यामुळे हेलिकॉइलचा संच आहे की मागवायचा, तेही आधीच ठरतं. बाजूने काढलेल्या फोटोत स्टड वाकलाय का ते दिसतं. वाकलेल्यावर नट सरळ बसत नाही.

याला माझं उत्तर साधारण असं जाईल: पहिल्या पर्यायाचा पक्का आकडा, दुसऱ्याचा पक्का आकडा, तिसऱ्याचा अंदाज, कारण हेड उघडल्यावर व्हॉल्व्ह सीटची अवस्था काय निघेल ते आज सांगता येत नाही. गाडीवरच वेल्डिंग करायचं तर पेट्रोल टाकी उतरवून आणि बॅटरीच्या वायरी सोडवून घेऊ, तेवढी मजुरी पहिल्या आकड्यात धरलेली. असं उत्तर तीन वर्कशॉपकडून आलं तर तुम्हाला भाव पडताळता येतो. एकाने कुठलाही पर्याय न सांगता एकच ठोक आकडा दिला, तर त्याला विचारा की स्टड वेल्डिंगने निघाला तरी तेवढेच घेणार का.

या मेलमध्ये मी आणखी एकच ओळ घातली असती: दुसऱ्या स्टडचं काय करायचं. तोही तितकीच वर्षं त्याच उष्णतेत आहे. हेड गाडीवर असताना तो सुखाने फिरत असेल तर काढून दोन्ही नवे घालावेत, पितळी नट लावावेत. फिरत नसेल तर मी हात लावत नाही. आटे शाबूत आहेत, नट बसतोय, गॅस फुटत नाही. मग एक तुटलेला काढायला आलेल्या माणसाला दुसरा तोडून देण्यात काय अर्थ? पण हा निर्णय गाडीमालकाचा, आणि तो फोनवर घाईत विचारण्यापेक्षा मेलमध्येच ‘सहज निघाला तरच काढा’ असं लिहिलेलं मला बरं वाटतं.