एक स्टारच्या रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर: ताम्हिणीच्या वळणावर ईएसपीने काय केलं

★☆☆☆☆ "इथे गाडी देऊ नका. अलाइनमेंट आणि ईएसपीच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन म्हणून पैसे घेतले आणि आठवड्याच्या आत ताम्हिणीत उतारावर, पावसात, उजव्या वळणाला गाडी वळलीच नाही, सरळ डावीकडच्या गटारात. स्पीड फक्त ६०. ब्रेक दाबला, स्टीअरिंग पूर्ण फिरवलं, पिवळा दिवा लुकलुकत होता, पायाखाली खडखड होत होती. नशीब कुणाला लागलं नाही. परत नेली तर म्हणतात सिस्टीम ओके आहे. ओके आहे तर गाडी घसरली कशी? टॉप मॉडेलचे पैसे कशाला भरले मग?"

नमस्कार साहेब, कुणाला लागलं नाही हे सगळ्यात बरं झालं, बंपरचं आणि खालच्या आर्मचं काय ते बघून घेऊ. काउंटरवर त्या दिवशी तुम्ही चिडलेले होतात, साहजिक आहे, आणि आमच्या मुलाने "ओके आहे" एवढंच म्हणून विषय संपवला त्यामुळे बोलणं झालंच नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय, लांबलं तर लांबू द्या.

दिव्यापासून सुरू करतो. तो पिवळा दिवा, गाडी आणि तिच्यामागे नागमोडी रेषा असलेला, दोन प्रकारे लागतो. सेन्सर गेला, वायर तुटली, कॅलिब्रेशन बिघडलं तर तो पेटतो आणि पेटलेलाच राहतो. लुकलुकतो तेव्हा ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की तिला आपोआप सावरायला बघणारी सिस्टीम, त्या क्षणाला चाकं ब्रेक करत असतं. आणि खडखड म्हणजे बॉनेटखालच्या एबीएस युनिटमधला पंप आणि व्हॉल्व्ह, ते प्रेशर सेकंदाला कितीतरी वेळा चढवतात उतरवतात त्याची थरथर पॅडलला येते. म्हणजे तुम्ही जी दोन लक्षणं बिघाड म्हणून लिहिलीयत ती दोन्ही सिस्टीम चालू असल्याची आहेत.

कॅलिब्रेशनचं पण सांगतो, कारण पैसे उगाच घेतले असं वाटतंय तुम्हाला. अलाइनमेंट केलं की चाकं सरळ असताना स्टीअरिंगची जागा थोडी बदलू शकते, मग स्टीअरिंग अँगल सेन्सरला स्कॅनर लावून "हे शून्य" असं शिकवावं लागतं. ते राहिलं तर गाडी सरळ चाललेली असताना कंप्युटरला वाटतं ड्रायव्हर वळवतोय, मग एक तर दिवा लागतो किंवा मोकळ्या सरळ रस्त्यावर एखादं चाक विनाकारण धरल्यासारखं होतं. तुम्ही गाडी परत आणलीत तेव्हा स्कॅनरवर एकही फॉल्ट कोड नव्हता, स्टीअरिंग सरळ ठेवल्यावर सेन्सर शून्य दाखवत होता, चारही चाकांचे स्पीड बरोबर येत होते. त्यामुळे त्या कामाचे पैसे परत देणार नाही, ते काम झालेलं आहे.

आता घसरली कशी. ईएसपीकडे वेगळं असं काही नसतं हो, त्याच्याकडे तुमच्याच गाडीचे चार ब्रेक आणि इंजिनची ताकद कमी करायची सोय, बस्स. ते सतत दोन गोष्टी ताडून बघतं: स्टीअरिंग किती फिरवलंय आणि स्पीड किती आहे यावरून गाडी किती वळायला हवी, आणि यॉ सेन्सरवरून म्हणजे गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय यावरून ती खरोखर किती वळतेय. दोन्हीत फरक पडला की एकच चाक निवडून ब्रेक मारतं. तुमच्या उजव्या वळणाला जर मागची बाजू सुटली असती, गाडी जास्तच उजवीकडे फिरायला लागली असती, तर त्याने बाहेरचं पुढचं म्हणजे डावं पुढचं चाक धरलं असतं, म्हणजे नाक परत बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. तुमच्याकडे उलटं झालं, पुढची चाकं घसरली आणि गाडी नाकासमोर सरळ निघाली, अशा वेळी ते आतलं मागचं चाक धरतं, म्हणजे तुमचं उजवं मागचं. एका बाजूचं चाक अडलं की गाडी त्या बाजूला फिरायला बघते, आणि मागचंच का तर पुढच्या चाकांची पकड आधीच संपलेली असते, त्यांच्याकडून अजून काही मागण्यात अर्थ नसतो.

पण उतारावर, तेही ब्रेक दाबलेला असताना, गाडीचं वजन पुढे आलेलं असतं आणि उजवं वळण म्हटल्यावर डावीकडे झुकलेलं असतं. म्हणजे सगळ्यात हलकं झालेलं चाक कोणतं, तर तेच उजवं मागचं. ज्या चाकावर वजन नाही आणि खाली ओला रस्ता आहे ते कितीही धरा, गाडीला वळवण्याएवढा जोर त्यातून येत नाही. मग सिस्टीम इंजिन दाबते, बाकीच्या चाकांनाही जमेल तेवढा ब्रेक लावून स्पीड पाडायला बघते. तुमच्या त्या लुकलुकीत हे सगळं चाललेलं असणार.

थोडा हिशोब करतो, शाळेतलंच फिजिक्स आहे. वळणात गाडीला आतल्या बाजूला ओढणारा जोर फक्त टायर आणि रस्त्याच्या घर्षणातून येतो. कोरड्या डांबरावर चांगलं टायर गाडीच्या वजनाच्या साधारण ०.८ पट जोर देतं. ओल्यावर, झिजलेल्या टायरला, ०.४ धरा, आणि पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ वर येते तेव्हा त्याहून कमी. घाटातलं एखादं ४० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर कोरड्यात ते जास्तीत जास्त ६४ च्या स्पीडला निघतं, तेही टायर ओरडत. ओल्यात ४५. तुम्ही ६० वर होतात. ६० ला त्या वळणासाठी ०.७ पट जोर लागतो आणि रस्ता देतोय ०.४. मधला जो फरक आहे तो कुठलाही कंप्युटर कुठूनही आणू शकत नाही, मग गाडी २० लाखांची असो की ५० लाखांची.

आणि वेळ किती मिळतो तेही बघा. ०.४ वर ६० च्या स्पीडला गाडी ४० ऐवजी साधारण ७० मीटर त्रिज्येने वळते, म्हणजे वळतेय पण कमी. एका सेकंदात ती तुमच्या लाइनपासून दीड मीटर बाहेर गेलेली असते. घाटातल्या लेनमध्ये गाडीच्या बाजूला तेवढी जागा तरी असते का? तोच स्पीड वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर ६० वरून ४५ ला आणायला, तसा ओला उतार धरूनही, १८-२० मीटर पुरले असते. पण वळणात शिरल्यावर ते जमत नाही, कारण टायरची पकड पगारासारखी आहे, एकच आकडा आणि त्यातूनच ब्रेकचं पण द्यायचं आणि वळण्याचं पण. सगळा वळण्यात गेला की ब्रेकला काही उरत नाही, आणि ब्रेक जोरात मारला की वळण्यातला कापला जातो. ईएसपी आणि एबीएस ही वाटणी तुमच्या माझ्यापेक्षा फार चांगली करतात, एकूण आकडा मात्र टायर आणि रस्ताच ठरवतो.

स्टीअरिंग पूर्ण फिरवलं असं लिहिलंय तुम्ही. सगळेच फिरवतात, भीतीने हात तसाच जातो. पण पुढची चाकं घसरत असताना ती अजून वाकडी केली की ती वळवत नाहीत, आडवी घासत जातात आणि पकड उलट थोडी कमी होते. शिवाय सेन्सरला दिसतं की ड्रायव्हरला अजून कडक वळण हवंय, आणि सिस्टीम जे शक्यच नाही त्याच्या मागे लागते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून स्टीअरिंग थोडं सैल करायचं, स्पीड पडला की चाकं परत धरतात. लिहायला सोपं आहे, त्या एका सेकंदात सुचणं कठीण, मान्य.

आता टायर. हे सगळ्यांसमोर लिहायला नको वाटतं पण तुम्ही रिव्ह्यू सगळ्यांसमोर टाकलाय. जॉब कार्डवर "पुढचे दोन टायर २ मिमी, बदलावेत" असं लिहिलेलं आहे आणि खाली तुमची सही आहे, तुम्ही म्हणालात दिवाळीपर्यंत काढू. कायद्याची हद्द १.६ मिमी, म्हणजे नियमाने तुम्ही बरोबर होतात. पण नवीन टायरला साधारण ८ मिमी खाच असते, ती खाच चाकाखालचं पाणी बाहेर फेकण्यासाठीच असते, आणि २ वर आल्यावर ते पाणी जायला जागाच राहत नाही, रबर आणि डांबराच्या मध्ये पाणी अडकतं. कोरड्यात हा फरक कळतच नाही, उलट गुळगुळीत टायर कोरड्या रस्त्याला छान चिकटतं, म्हणून तर लोक मे महिन्यापर्यंत बिनधास्त असतात. मागचे टायर तुमचे बरे होते, म्हणून आधी पुढची बाजू सुटली. मागचे झिजलेले असते तर गाडी गोल फिरली असती, आणि तिथे मात्र ईएसपीने जास्त काम केलेलं दिसलं असतं.

मग टॉप मॉडेलचे पैसे वाया गेले का? अजिबात नाही. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये मर्सिडीजची नवी ए-क्लास पत्रकारांच्या टेस्टमध्ये उलटली, अचानक समोर प्राणी आला तर गाडी झटकन बाजूला घेऊन परत लेनमध्ये आणायची अशी ती टेस्ट होती. त्यानंतर कंपनीने त्या छोट्या गाडीत ईएसपी स्टँडर्ड दिलं, तोवर ते महागड्या गाड्यांतच असायचं. ते बनलंय अशाच प्रसंगासाठी, म्हणजे पकड शिल्लक आहे पण ड्रायव्हरला ती वेळेवर चारही चाकांत वाटता येत नाही. हायवेवर कुत्रं आडवं आलं, बाइकवाला मध्ये घुसला, तुम्ही गाडी खेचली आणि ती डोलायला लागली, तिथे ते जीव वाचवतं आणि तुम्हाला फक्त दिवा लुकलुकलेला दिसतो. ते स्विच दाबून बंद करून घाटात फिरणारेही भेटतात आम्हाला, त्यांना काय सांगायचं.

आम्ही काय करू शकतो ते लिहितो. गाडी घेऊन या, गटारात पुढचं डावं चाक आपटल्यामुळे अलाइनमेंट परत करावंच लागेल आणि त्यानंतर कॅलिब्रेशनही, कारण अलाइनमेंट बदललं की शून्य परत शिकवावं लागतं. या खेपेला कॅलिब्रेशनची मजुरी घेणार नाही. पण पुढचे टायर बदलल्याशिवाय अलाइनमेंट करून देणार नाही, टायर कुठूनही घ्या, आमच्याकडूनच असं काही नाही. नवे दोनच घेणार असाल तर ते मागे टाकू आणि मागचे बरे असलेले पुढे आणू, उलटं करायला सांगू नका. आणि येताना अर्धा तास जास्त काढून या, लॅपटॉप लावून गाडी मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊ, स्टीअरिंग अँगल, यॉ आणि चारही चाकांचे आकडे लाइव्ह बघा, वाटलं तर व्हिडिओ काढा आणि इथेच टाका. दुपारी २ नंतर गर्दी कमी असते.